इंग्रजीतला हायफन: नामाआधी हवा, नामानंतर नको

इंग्रजीत ‘अ वेल-नोन ऑथर’ लिहिताना मध्ये हायफन येतो. ‘द ऑथर इज वेल नोन’ लिहिताना तो सहसा लागत नाही. नामाआधी आलेले दोन शब्द मिळून एकच विशेषण आहेत, हे हायफन सांगतो.

‘स्मॉल-बिझनेस ओनर’ म्हणजे छोट्या धंद्याचा मालक. हायफन काढला, तर मालकच छोटा, असाही अर्थ निघतो. ‘वेल नोन’ वाक्याच्या शेवटी आलं की असा घोटाळा होत नाही, कारण नाम आधीच येऊन गेलेलं असतं.

‘हायली रिस्पेक्टेड ऑथर’मध्ये मात्र नामाआधीही हायफन नको. ‘ली’ने संपणारं क्रियाविशेषण पुढच्या शब्दाबद्दलच बोलतं, हे उघड असतं.

म्हणून हायफन देण्याआधी नाम कुठे आहे ते बघा.