कणसातला तीनास एक

जनुकशास्त्राच्या सरावात अनेकदा मक्याच्या कणसाचा फोटो देतात. त्यात जांभळे आणि पिवळे दाणे मिसळलेले दिसतात. यातला प्रत्येक दाणा म्हणजे स्वतंत्र अपत्य, त्यामुळे एका फोटोत शेकडो भावंडे मोजता येतात.

जांभळा रंग प्रभावी, त्याला R म्हणू. पिवळा अप्रभावी, तो r. दोन्ही पालक Rr असतील, तर रेजिनाल्ड पनेट यांच्या चौकटीत वर R, r आणि बाजूला R, r लिहायचे. चार घरांत RR, Rr, Rr, rr येतात. rr एकटेच पिवळे, म्हणून प्रमाण 3:1.

फोटोवरून मात्र उलट दिशेने जावे लागते. समजा, 400 दाण्यांत 296 जांभळे, 104 पिवळे निघाले. 3:1 नुसार 300 आणि 100 हवेत. चारचा फरक निव्वळ योगायोगाचा. एक पालक rr असता, तर निम्मे-निम्मे, म्हणजे 200 पिवळे अपेक्षित होते. तेव्हा दोन्ही पालक Rr, हाच निष्कर्ष पटतो.

गफलत होते ती थोडे दाणे मोजल्यामुळे. सोळा दाण्यांच्या एकाच ओळीत 12 ऐवजी 9 जांभळे सहज येतात आणि विद्यार्थी 1:1 लिहून मोकळा होतो. कडेचे अर्धवट दिसणारे दाणे सोडून पूर्ण ओळी मोजाव्यात. चकाकीमुळे फिकट वाटणारा जांभळा दाणाही जांभळ्यातच धरायचा. जांभळा दाणा RR की Rr, हे मात्र फोटोवरून कळत नाही. त्यासाठी त्यापासून उगवलेल्या रोपाचा पिवळ्या rr वाणाशी संकर करावा लागतो.