फोटोतले ओठ रंगवलेले का वाटतात?

स्थळासाठी काढलेला फोटो स्टुडिओतून घरी येतो आणि सगळ्यांची नजर ओठांवर जाऊन अडते. चेहरा आपल्याच मुलीचा, पण ओठ वरून चिकटवल्यासारखे. दोष भडक रंगाला दिला जातो. माझ्या मते रंगापेक्षा मोठी चूक वेगळीच असते: ओठांवरचा उजेड पुसला गेलेला असतो.

ओठ नीट पाहा. उजेड वरून येत असेल तर वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद दिसतो. खालच्या ओठाच्या मध्यावर उजळ ठिपका असतो, तिथे रंग जवळजवळ नसतोच. कोपऱ्यांत सावली, सगळीकडे उभ्या बारीक रेषा. कडेला लाली त्वचेत हळूहळू विरते. ब्रशने सपाट गुलाबी थर फिरवला की हे सारं झाकलं जातं.

समजा, गव्हाळ वर्णाच्या मुलीचा लिपस्टिकशिवाय, खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो आहे. ओठ फिके, किंचित तपकिरी. फोटोशॉपमध्ये Hue/Saturation चा ॲडजस्टमेंट लेयर घ्या आणि Ctrl+I दाबून त्याचा मास्क काळा करा. मग मऊ पांढरा ब्रश, Flow साधारण 10 टक्के ठेवून, ओठांवर हलकेच फिरवा. कडेच्या थोडं आतच थांबा. दात आणि हिरड्या तर सोडाच. आता Hue -5 आणि Saturation +12 च्या आसपास न्या. Lightness ला हात लावू नका, कारण तो सरकवला की ओठ खडूसारखे पांढुरके किंवा मळकट होतात. शेवटी लेयरची Opacity शून्यापासून वाढवत न्या आणि बदल जेमतेम जाणवला की तिथेच थांबा.

आकार ठळक करायला ओठांभोवती रेघ ओढण्याचा मोह होतो. रंगवलेपणा सर्वांत आधी तिथेच उघडा पडतो. त्याऐवजी Curves चा वेगळा लेयर किंचित गडद करा आणि दोन्ही ओठ मिळतात ती फट, कोपरे आणि खालच्या ओठाखालची सावली एवढ्याच जागी तो उतरवा. ओठांना उठाव सावलीमुळे येतो.

मग फोटो तात्पुरता कृष्णधवल करून मूळ फोटोशेजारी ठेवा. उजळ ठिपका आणि उभ्या रेषा पूर्वीसारख्या दिसल्या तर काम जमलं. खूप मोठा करून पाहत बसलं की हात सैल सुटतो, म्हणून अधूनमधून पूर्ण चेहरा पाहावा.

सुकून सालं निघालेल्या ओठांवर मात्र यातलं काहीच चालत नाही. रंग वाढवला की सालं अधिकच दिसतात. त्यामुळे फोटो काढण्याआधी थोडा वेळ ओठांना तूप लावा आणि कॅमेऱ्यासमोर बसताना पुसून टाका.