माळवदाच्या घराची दुरुस्ती : पैसा आधी कुठे, नंतर कुठे?

अक्कलकोट आणि आसपासच्या गावांत आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांची बरीच जुनी घरे माळवदाची आहेत. दगड-मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, त्यावर तुळया, कडीपाट आणि वर पांढऱ्या मातीचा थर, अशी ही बांधणी. पुढच्या खोलीत दुकान किंवा शिलाईची मशीन, मागे संसार, अशी अनेकांची व्यवस्था असते. अशा घराची दुरुस्ती म्हणजे केवळ राहण्याच्या सोयीचा प्रश्न नव्हे. छत गळले तर अंथरुणाबरोबर कापडाचे तागेही भिजतात आणि डाग पडलेला माल निम्म्या किमतीतही जात नाही.

एकदम चार-पाच लाख रुपये बाहेर काढणे लहान व्यापाऱ्याला जमत नाही. म्हणून काम टप्प्याटप्प्याने करावे लागते. पण बहुतेक घरांत टप्पे उलटे पडतात. लग्न ठरले की आधी फरशी, मग रंग, मग दर्शनी भाग, आणि छताचे "पुढच्या साली बघू". आमच्या मते टप्पे ठरवण्याचा एकच नियम आहे. जे काम लांबवल्याने खालचे दुसरे काम बिघडते, ते आधी करावे. जे लांबवल्याने फक्त डोळ्यांना खटकते, ते नंतर. या नियमाने पाहिले तर माळवदाच्या घरात पहिला हक्क छताचा, दुसरा सांडपाण्याचा व जोत्याच्या ओलीचा, तिसरा वायरिंग व भिंतींचा आणि शेवटचा फरशी-रंगाचा लागतो.

छताला पहिला मान देण्याचे कारण पाणी आणि वजन ही दोन्ही आहेत. दर उन्हाळ्यात गळती थांबवण्यासाठी वर नवी माती टाकली जाते, जुनी मात्र कोणी उतरवत नाही. वीस-तीस वर्षांत थर दीड फुटावर जातो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे एकशे ऐंशी घनफूट. एका घनफुटाचे वजन सुमारे पंचेचाळीस किलो धरले तरी आठ टनांचा बोजा त्या लाकडांवर असतो, आणि पावसात भिजल्यावर तो आणखी वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती बहुतांशी अशाच दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून. भूकंप रोज येत नाही, पण पाऊस दरसाल येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, बोरी नदीला पूर आला, तेव्हाही जुन्या मातीच्या घरांची पडझड झाली.

आता छताचे काय करावे? येथे पुष्कळ लोक म्हणतात, माळवद काढून त्याच भिंतींवर स्लॅब टाकू, एकदाची कटकट मिटेल. ही गोष्ट धोक्याची आहे. आपल्या जुन्या घरात छताचा भार मुख्यतः लाकडी खांब पेलतात, भिंती फक्त आडोशाला असतात. भिंत जाड दिसते, पण ती दोन बाजूंचे दगड आणि मध्ये माती व चुरा अशी भरलेली असते. खांब काढून स्लॅबचा सारा बोजा अशा भिंतीवर ठेवणे म्हणजे जिने कधी ओझे उचलले नाही तिच्या डोक्यावर गाठोडे देणे होय. स्लॅबच हवा असेल तर पायापासून कॉलम-बीम घ्यावे लागतात. तो खर्च दुरुस्तीचा नसून नव्या घराचा आहे, आणि त्याची बचतही वेगळी करावी लागते.

लाकूड शाबूत असेल तर मधला मार्ग स्वस्त पडतो. माती उतरवून थर अर्ध्या फुटावर आणावा, वर थोडी मोकळी जागा सोडून लोखंडी पाइपाच्या सांगाड्यावर पत्रे टाकावेत आणि पाणी पन्हाळीने भिंतीपासून दूर सोडावे. आठ टनांचा बोजा पावणेतीन टनांवर येतो, गळती थांबते, आणि खाली माती राहिल्याने सोलापुरी उन्हाळ्यात खोली भट्टी होत नाही. सांगाडा मात्र नीट जखडून घ्यावा, नाही तर वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात. पुढे कधी मुलांनी नवे घर बांधायचे ठरवले तर पत्रा आणि पाइप काढून पुन्हा वापरता येतात, हा आणखी एक फायदा.

लाकूड शाबूत आहे की नाही, हे रंगावरून ठरवू नये. तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे ओल साचते, वाळवी लागते ती तिथेच. तिथे पेचकस किंवा बारीक सळई टोचून पाहावी. सहज आत गेली तर ती तुळई बदलण्याच्या यादीत धरावी. भिंतीला पोट आले आहे का, हे ओळंबा सोडून बघावे. भेगेवर चुन्याचा पातळ पट्टा लावून त्यावर तारीख लिहावी. पावसाळ्यानंतर पट्टा तडकलेला दिसला तर भिंत अजून हलते आहे, असे समजावे. पोट आलेली आणि हलणारी भिंत गिलाव्याने झाकण्याची नव्हे, उतरवून पुन्हा रचण्याची असते. अशी भिंत निघाली तर तिचा खर्च छताच्या टप्प्यातच धरावा आणि खांबांना टेकू दिल्याशिवाय तिला हात लावू नये.

दुसरा टप्पा जमिनीलगतच्या पाण्याचा. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी जोत्यात मुरत असेल तर भिंतीला खालून दोन-तीन फूट लोणा चढतो, पांढरी भुकटी सुटते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि एक-दोन पावसाळ्यांत तो पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आधी पाइप टाकून पाणी गटारात न्यावे, बाहेरच्या बाजूने जोत्यालगत उताराची फरशी करावी आणि भिंत एक उन्हाळा वाळू द्यावी. वाट पाहण्याचा हा काळ फुकट जात नाही. त्यातच पुढच्या टप्प्याचा पैसा साठतो.

तिसऱ्या टप्प्यात वायरिंग आधी आणि गिलावा नंतर, कारण वायरसाठी भिंत फोडावी लागते. फरशी आणि रंग शेवटी. फरशी आधी केली तर वरचे काम करताना तिच्यावर पहार पडते, माती पडते आणि नवी फरशी जुनी होते.

हा हिशेब एका उदाहरणाने पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, दर आपापल्या गावच्या गवंड्याकडून घ्यावेत. समजा, एका कापड दुकानदाराचे तीन खोल्यांचे माळवद आहे. अंदाज असा निघाला : छत १,९०,०००, सांडपाणी व जोते ७०,०००, वायरिंग ४०,०००, भिंती ९०,०००, फरशी व ओटा १,००,०००, रंग व दर्शनी भाग ६०,०००. एकूण साडेपाच लाख.

हा गृहस्थ गल्ल्यातून रोज तीनशे रुपये वेगळे काढतो. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर वर्षाचे ९३,६०० होतात. ईद आणि लग्नसराईच्या नफ्यातून तो आणखी ४०,००० बाजूला ठेवतो. पूर्वीचे २०,००० त्याच्या हातात आहेत. म्हणजे पहिल्या दिवाळीला १,५३,६०० जमा. छताला १,९०,००० हवेत, तेव्हा तूट पडते. इथे माणूस दोनपैकी एक करतो. सावकाराचे दार ठोठावतो, नाही तर सारे छत उघडून अर्ध्यात काम थांबवतो. दोन्ही टाळता येतात. ज्या दोन खोल्यांचे लाकूड खराब आहे, त्या १,३०,००० मध्ये पूर्ण कराव्यात. तिसरीचे लाकूड बरे आहे, म्हणून एका पावसाळ्यापुरते तिच्यावरचे गवत काढून, उतार नीट करून ताडपत्री बांधावी. दुसऱ्या दिवाळीला मागचे उरलेले धरून १,५७,२०० होतात. त्यात तिसऱ्या खोलीचे छत आणि सांडपाण्याचे काम बसते. तिसऱ्या वर्षी वायरिंग व भिंती, चौथ्या वर्षी फरशी व रंग. चार वर्षांत घर उभे राहते, एक रुपया सूद न देता.

यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, दिवाळी ते होळी हाच छत उघडण्याचा काळ. त्यानंतर वळवाचा भरवसा नाही. ईदचा मोसम मात्र दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून त्या नफ्यावर कामाची तारीख ठरवू नये. तो पैसा आला की भिशीत किंवा वेगळ्या खात्यात टाकून दिवाळीची वाट पाहावी. दुकानाच्या भांडवलात मिसळला की तो माल भरण्यात जातो.

दुसरी, छताच्या रकमेतला पाचवा-सहावा हिस्सा न दिसणाऱ्या खर्चासाठी असतो. माळवद उघडल्यावर एखादी कुजलेली तुळई निघतेच. गवंडी म्हणाला, "सेठ, आता उघडलंच आहे तर तीही बदलून टाकू," तर हात आखडता घ्यावा लागू नये. मजुरीही आगाऊ देऊ नये, एक खोली पुरी झाली की तिची द्यावी.

तिसरी, दरसाल दिवाळीला उरलेल्या कामांचा अंदाज नव्याने घ्यावा. पत्रा, सिमेंट, मजुरी यांचे भाव चढले तर कात्री शेवटच्या टप्प्याला लावता येते. भारी टाइल्सऐवजी शहाबादी फरशी चालते, दर्शनी भागाला रंगाऐवजी चुना चालतो. तुळई किंवा पन्हाळीच्या कामाला मात्र कात्री लावता येत नाही.

मध्येच घरात लग्न निघाले तर? पाहुण्यांसाठी चुन्याचे दोन हात आणि स्वच्छ अंगण पुरेसे आहे, त्याला काही हजारांहून अधिक लागत नाहीत. छतासाठी ठेवलेली रक्कम मात्र फरशीकडे वळवू नये. नव्या फरशीवर गळक्या छताखाली पातेली मांडावी लागली, तर पाहुण्यांना फरशी दिसत नाही, पातेलीच दिसतात.