शाब्दिक उदाहरणाचा पाठ आखताना

‘जास्त’ म्हटले की बेरीज आणि ‘उरले’ म्हटले की वजाबाकी, ही खूणगाठ पाचवीत येईपर्यंत अनेक मुलांच्या मनात पक्की झालेली असते. म्हणून शाब्दिक उदाहरणांचा पाठ आखताना आम्ही प्रथम ही गाठ सोडविणारे उदाहरण शोधतो. ‘मुलींच्या वसतिगृहात 84 ताटे आहेत. ती मुलांच्या वसतिगृहातील ताटांपेक्षा 16 ने जास्त आहेत. तर मुलांच्या वसतिगृहात किती ताटे आहेत?’ येथे शब्द ‘जास्त’ असला तरी क्रिया वजाबाकीची आहे. केवळ शब्दावर विसंबणारा विद्यार्थी 100 हे उत्तर लिहून मोकळा होतो.

गणितज्ञ ज्यॉर्ज पोल्या यांनी 1945 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उदाहरण समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे असे चार टप्पे सांगितले. आम्ही तोच क्रम ठेवतो. मात्र चाळीस मिनिटांच्या तासिकेतील निम्मा वेळ पहिल्या टप्प्यास देतो. फळ्यावर उदाहरण लिहिताना संख्यांच्या जागी रिकाम्या चौकटी काढतो. संख्याच नसल्या की मुलांना हिशेबाकडे धावता येत नाही. गोष्ट ऐकावीच लागते. ताटे कोणाकडे अधिक आहेत? विचारले काय आहे? एवढे झाल्यावर उत्तराचे वाक्य जागा सोडून वहीत लिहवून घेतो: ‘मुलांच्या वसतिगृहात … ताटे आहेत.’

मग पट्ट्यांचे चित्र. मुलींची पट्टी लांब, तिच्याखाली मुलांची आखूड. चित्र पुरे झाल्यावरच आम्ही संख्या सांगतो. 84 ही संपूर्ण लांब पट्टी आणि 16 हा तिचा पुढे आलेला तुकडा. आता कोणती क्रिया करावी, हे शब्दाला विचारावे लागत नाही; 84 − 16 = 68.

पडताळा म्हणजे तीच वजाबाकी पुन्हा करणे नव्हे. उत्तर गोष्टीत परत ठेवायचे: 68 मध्ये 16 मिळविले की 84 होतात. उत्तर 100 धरले, तर ताटे मुलांकडेच अधिक ठरतात आणि गोष्ट मोडते.

दुसऱ्या उदाहरणात संख्या व शब्द आम्ही मुद्दाम तेच ठेवतो: ‘मुलींकडे 84 ताटे आहेत, मुलांकडे त्यापेक्षा 16 ने जास्त आहेत.’ आता 100 हेच उत्तर बरोबर. दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी राहू द्यावीत. फरक मुलांनीच सांगावा.

शेवटी एक परीक्षा: ‘मुलींच्या वसतिगृहात 84 ताटे व 16 पातेली आहेत. तर मुलांच्या वसतिगृहात किती ताटे?’ बऱ्याच वह्यांत ‘माहिती अपुरी आहे’ याऐवजी एखादी संख्या आढळली, तर पायऱ्या पाठ झाल्या, पण वाचन झालेले नाही असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकाम्या चौकटींपासून आरंभ करावा. पट्ट्यांचे चित्रही सर्वत्र चालत नाही. क्षेत्रफळाच्या उदाहरणास आयताचीच आकृती काढावी लागते.