आठवड्याचं पेआउट आणि त्यातले तीन कर

झोमॅटो किंवा स्विगीवर जेवण विकणाऱ्या छोट्या हॉटेलवाल्याला आठवड्याचा हिशेब मोबाइलच्या एका पडद्यावर दिसतो. वर मोठा आकडा, खाली वजावटींची रांग आणि शेवटी बँकेत येणारी रक्कम. बरेच जण त्याचा स्क्रीनशॉट काढून सीएला पाठवतात आणि विचारतात, ‘कमिशन तर बावीस टक्के ठरलं होतं, मग एवढे कमी पैसे कसे आले?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्याच पडद्यावर असतं. फक्त त्या रांगेत ‘टॅक्स’ या नावाखाली तीन वेगवेगळे कर दिसतात, आणि तिघांशी हॉटेलवाल्याचं नातं वेगळं असतं. ते नीट वेगळे काढले की हिशेब रुपयापर्यंत जुळतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकमधल्या एका थाळीच्या हॉटेलने आठवड्यात १२० ऑर्डरी दिल्या. मेन्यूच्या दराने पदार्थांची किंमत २४,००० रुपये झाली, पॅकिंगचे १,२०० रुपये लागले. हॉटेलने स्वतःच्या खिशातून ३,००० रुपयांची सूट दिली होती, ती वजा केली. राहिले २२,२०० रुपये. ही ‘नेट बिल व्हॅल्यू’. कुठल्या ॲपवर तिला दुसरं नाव असेल, पण पुढचा सगळा हिशेब या आकड्यावरून सुरू होतो. सूट वजा करताना मात्र एक बघायचं: ती हॉटेलने दिली की कंपनीने? कंपनीने सोसलेली सूट तुमच्या रकमेतून कापली जाता कामा नये.

पडद्याच्या वरच्या बाजूला बहुधा २३,३१० हा आकडा दिसेल. गिऱ्हाइकांनी जेवणापोटी भरलेली ही रक्कम. त्यात ५ टक्के जीएसटीचे १,११० रुपये मिसळलेले आहेत. हा पहिला कर. १ जानेवारी २०२२ पासून अशा ऑनलाइन जेवणावरचा जीएसटी गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरण्याची जबाबदारी डिलिव्हरी कंपनीवर आहे. म्हणजे ते १,११० रुपये हॉटेलचे कधीच नव्हते. चूक होते ती अशी, की काही जण २३,३१० ही आपली विक्री धरतात, तर काही जण २२,२०० मधून पुन्हा ५ टक्के वजा करून बसतात. दोन्ही हिशेब चुकीचे. २२,२०० मध्ये हा कर नाहीच.

आता कमिशन. २२ टक्क्यांनी ४,८८४ रुपये. पेमेंट गेटवेचे २ टक्के धरले तर ४४४. दोन्ही मिळून ५,३२८ रुपये. इथे कॅल्क्युलेटर काढून एक तपासणी जरूर करा. कमिशनच्या रकमेला नेट बिल व्हॅल्यूने भागा. ठरलेले २२ टक्के आले तर ठीक. पण कमिशनच्या ओळीत ५,५४४ दिसले, तर ते सूट वजा करण्याआधीच्या २५,२०० रुपयांवर लावलं आहे असं समजायचं. फरक ६६० रुपयांचा, आणि तोही दर आठवड्याला. कमिशन सुटीआधीच्या रकमेवर लागणार की नंतरच्या, हे करारात लिहिलेलं असतं. भांडायचं तर आधी ते कलम वाचून घ्या.

दुसरा कर इथेच येतो आणि सगळ्यात जास्त बोचतो तो हाच. कमिशन, गेटवे आणि जाहिरात या कंपनीने तुम्हाला दिलेल्या सेवा, म्हणून त्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. ५,३२८ रुपयांवर ९५९ रुपये ४ पैसे. जाहिरातीसाठी हॉटेलने १,५०० रुपये लावले असतील तर त्यावर आणखी २७०. एरवी व्यापारी असा भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वळता करून घेतो. पण ५ टक्के दराच्या हॉटेलला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. हे १,२२९ रुपये परत येण्याची वाट नाही. तो निव्वळ खर्च आहे. म्हणून २२ टक्के कमिशन खरं तर २५.९६ टक्के पडतं. करार करताना हाच आकडा डोळ्यांपुढे असायला हवा, आणि तो हॉटेलवाल्याला कुणी ठळकपणे सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

जाहिरातीची ओळ वाचताना दोनदा मोजणी होण्याचा धोका असतो. कुठे १,५०० रुपये लिहून कर खाली एकत्र दाखवतात, तर कुठे करासकट १,७७० लिहितात. ओळखायची सोपी रीत आहे. कराच्या रकमेला सगळ्या शुल्कांच्या बेरजेने भागायचं. १,२२९.०४ भागिले ६,८२८ म्हणजे बरोबर १८ टक्के. जाहिरातीचा करही त्यात धरलेला आहे. मग जाहिरातीच्या ओळीत १,७७० असतील तर २७० रुपये दोनदा कापले गेले. शिवाय जाहिरातीचा खर्च लोकांनी क्लिक केलं म्हणून होतो, ऑर्डर आली म्हणून नव्हे. मंद आठवड्यातही तो पुरता कापला जातो.

तिसरा कर टीडीएस. ऑक्टोबर २०२० मध्ये तो सुरू झाला, तेव्हा कायद्यातला दर १ टक्का होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के झाला. २२,२०० वर २२ रुपये २० पैसे. हा पैसा तुमचाच आहे. तुमच्या पॅनवर जमा होतो, फॉर्म २६एएसमध्ये दिसतो आणि आयकर विवरण भरताना वळता करून घेता येतो. पॅन नोंदवलेला नसेल तर मात्र ५ टक्के कापला जातो, म्हणून हा आकडा हजाराच्या घरात दिसला तर आधी पॅन तपासा.

याशिवाय एका ऑर्डरीत भाजी सांडल्याची तक्रार आली आणि २६० रुपये कापले गेले असं धरू. आता वजाबाकी: २२,२०० मधून शुल्काचे ५,३२८ गेले, त्यावरचा कर ९५९.०४ गेला, जाहिरातीचे करासकट १,७७० गेले, टीडीएसचे २२.२० आणि तक्रारीचे २६० गेले. उरले १३,८६०.७६ रुपये. बँकेत एवढेच यायला हवेत. ऑर्डरीमागे साधारण साडेएकशेपंधरा रुपये, आणि त्यातून अजून भाजी, गॅस, डबे आणि पगार जायचे आहेत.

बँकेतला आकडा तरीही जुळला नाही, तर स्क्रीनशॉट पुरत नाही. मागच्या आठवड्याचं उणं, आधीच्या तक्रारीची वसुली, रद्द झालेल्या ऑर्डरीची भरपाई या गोष्टी एका ओळीत गुंडाळलेल्या असतात. ॲपमधून ऑर्डरवार तपशिलाची फाइल उतरवून घ्या आणि यूटीआर क्रमांकावरून बँकेच्या नोंदीशी ताडून बघा. कापलेल्या तक्रारीवर हरकत घ्यायला मुदत असते, त्यामुळे हे काम महिनाअखेरीवर टाकू नये.

दर ठरवतानाही हेच गणित लागतं. जाहिरात आणि सूट बाजूला ठेवली तरी शंभरातले ७१ रुपये ५८ पैसेच हातात पडतात. गल्ल्यावर २०० रुपयांना विकलेल्या थाळीइतकेच पैसे ॲपवरून हवे असतील, तर तिथे तिचा दर २७९ रुपये लावावा लागेल. तेवढ्याला ती खपेल का, हे प्रत्येकाने आपल्या गिऱ्हाइकावरून ठरवावं.

शेवटी वहीतल्या नोंदीबद्दल. बँकेत आलेले १३,८६० रुपये ‘विक्री’ म्हणून लिहू नका. विक्री २२,२०० लिहा, कमिशन, जाहिरात आणि त्यांवरचा कर खर्चात दाखवा, टीडीएस येण्यात धरा. कंपनी टीडीएस भरताना आयकर खात्याला पूर्ण विक्रीचा आकडा कळवते, आणि विवरणातला आकडा त्यापेक्षा कमी निघाला तर खुलासा हॉटेलवाल्यालाच करावा लागतो.