मॅग्निट्यूड सारखी, फेज वेगळी

सेमीलॉग कागदावर दोन सिस्टिम्सच्या मॅग्निट्यूडच्या रेघा तंतोतंत एकमेकींवर बसत होत्या. तरीही मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे लूप बंद केल्यावर त्यातली एक शांत होणार होती, दुसरी मात्र डोलतच राहणार होती. तिसऱ्या वर्षाच्या कंट्रोलच्या वर्गात सगळ्यांच्या माना वर झाल्या त्या इथे.

फळ्यावर होतं:

G(s) = 100(1 − s/100) / [(1 + s)(1 + s/10)(1 + s/1000)]

मॅग्निट्यूड लवकर उरकली. सुरुवात 40 डेसिबलवर. 1 रेडियन प्रति सेकंदाला पहिला पोल, तिथून दर डिकेडला 20 डेसिबल उतार. 10 पासून 40. 100 वर झिरो येतो आणि उतार परत 20 होतो, 1000 नंतर पुन्हा 40. रेघ शून्य डेसिबलला छेदते ती 10 आणि 100 च्या बरोबर मध्ये, 31.6 वर. कंसात वजा असो की अधिक, s च्या जागी jω घातल्यावर त्या घटकाची लांबी तीच राहते. म्हणून मॅग्निट्यूडच्या आलेखावरून झिरो कुठल्या बाजूचा हे कळायला मार्गच नाही.

फेजला मॅडमनी सावकाश हात घातला. प्रत्येक घटकाची रेघ त्याच्या कॉर्नरच्या एक डिकेड आधी सुरू होते, एक डिकेड नंतर संपते आणि एकूण 90 अंश फिरते. पोलची खाली जाते. डाव्या अर्ध्यातल्या झिरोची वर जाते. उजव्यातल्याची मात्र पोलसारखीच खाली. नेमकं इथेच बऱ्याच वह्यांत रेघ सवयीने वर वळली होती.

"31.6 वर बेरीज करा," मॅडम म्हणाल्या. पहिल्या पोलचे 90, दुसऱ्याचे 67.5, झिरोचे 22.5; चौथ्याचं अजून काही नाही. उणे 180. मार्जिन शून्य. झिरो डावीकडे असता तर तेच 22.5 परत मिळाले असते आणि फेज उणे 135 वर, 10 पासून 1000 पर्यंत सपाट राहिली असती.

वही तपासायची खूण सोपी आहे: शेवटी फेज उणे 360 ला टेकली पाहिजे. उणे 180 वर थांबली, तर झिरोचं चिन्ह चुकलं.

असा झिरो बूस्ट कन्व्हर्टरमध्ये खरोखर भेटतो. ड्यूटी वाढवली की स्विच जास्त वेळ चालू राहतो, डायोडमधून आउटपुटकडे प्रवाह जायला कमी वेळ मिळतो आणि व्होल्टेज चढण्याआधी खाली जातं.

"मग त्याच जागी पोल टाकून झिरो खोडायचा ना, मॅडम?" मागून एकाने विचारलं.

"तो पोलही उजवीकडेच पडेल. कागदावर खोडला जाईल, पण आत काहीतरी वाढतच राहील."

उरला उपाय गेन कमी करण्याचा. 100 चा 10 केला की मॅग्निट्यूडची रेघ 20 डेसिबल खाली सरकते आणि छेद 10 वर येतो. तिथे फेज उणे 135, म्हणजे 45 अंशांचं मार्जिन. नेमका हिशेब केला तर ते 54 च्या आसपास निघतं, कारण कॉर्नरपाशी खरा वक्र सरळ रेघेच्या 3 डेसिबल खाली असतो आणि छेद थोडा आधीच होतो. स्थैर्य मिळालं, पण लूपचा वेग एक तृतीयांशाहूनही कमी उरला.