कालची अट, आजचा परिणाम

‘ती नोकरी घेतली असती, तर आज मी पुण्यात असतो.’ यात अट कालची आहे, तर परिणाम आजचा. इंग्रजीत हे वाक्य असं होतं : ‘इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी इन पुणे नाऊ.’ शाळेत तिसरा प्रकार पाठ असल्यामुळे अनेक जण दुसऱ्या भागात ‘वुड हॅव बीन’ लिहितात. मग तो परिणामही भूतकाळात जातो आणि शेवटच्या ‘नाऊ’शी जुळत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे दोन्ही भागांना वेगवेगळं विचारायचं, ‘हे कधीचं?’ अट भूतकाळातली असेल तर ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप, परिणाम आजचा असेल तर ‘वुड’ आणि मूळ रूप.

उलट जोडणीही होते : ‘इफ ही वेअर केअरफुल, ही वुडन्ट हॅव लॉस्ट द कीज यस्टरडे.’ तो मुळातच काळजी घेणारा नाही, म्हणून काल किल्ल्या हरवल्या. अशी अट कायमच्या स्वभावाची किंवा परिस्थितीची हवी. तो फक्त काल बेसावध होता असं म्हणायचं असेल, तर ‘हॅड बीन केअरफुल’ हेच बरोबर.